भिंतीवरचं भांडण

माघ उतरणीला लागला की नाशिकची सकाळ आणि दुपार एकमेकींना ओळख देत नाहीत. सकाळी शाल घेऊन निघावं आणि दुपारी तीच डोक्यावर धरावी. रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या गाड्या उभ्या राहतात, मधमाश्या गिऱ्हाइकांच्याही आधी हजर होतात, आणि गाडीवाला प्रत्येकाला एक मणी तोडून देत म्हणतो, खाऊन बघा, मग बोला. याच दिवसांत शाळेतले दहावीचे वर्ग एकाएकी शांत होतात. बाकांवर बैठक क्रमांक चिकटतात. नळावर तोंड धुणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर, आपण आता मोठे झालो की काय, असा एक घाबरट रुबाब येतो. द्राक्षांचा वास आणि परीक्षेची भीती माझ्या नाकात एकत्रच मुरलेली आहे. यंदाही ते दिवस आले, आणि काही वर्षांपूर्वीचा तो माघ-फाल्गुन माझ्यासमोर येऊन उभा राहिला, कंपाउंडच्या भिंतीला टेकून.

या भिंतीबद्दल सांगायला हवं. आमच्या शाळेत पद्धत अशी की निरोप समारंभाच्या आधी दहावीचा वर्ग भिंतीवर एक वाक्य रंगवून जातो. वाक्य वर्गाने ठरवायचं, रंग वर्गाने आणायचा, आणि पाहायचं मराठीच्या बाईंनी, म्हणजे मी. ही पद्धत कुणी सुरू केली ते आता कुणाला आठवत नाही. मागे वळून वाचायची सवय मात्र कोणत्याच वर्गाला नव्हती. त्यामुळे व्हायचं काय, की एका वर्गाने लिहावं ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’, आणि त्याच्या शेजारी पुढच्या वर्गाने लिहावं ‘आभाळाला हात लावल्याशिवाय थांबू नका’. त्यापुढे ‘समाधानासारखं सुख नाही’, आणि लगेच ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’. भिंत एकच, आणि ती स्वतःशीच भांडत उभी. मुलं तिला सायकली टेकवून ठेवत. एकाही मुलाला त्यात विसंगत काही वाटत नसे, कारण घरीही त्यांना हेच मिळत होतं. सकाळी वडील म्हणणार, पहिला नंबर आलाच पाहिजे. संध्याकाळी तेच म्हणणार, आपल्याला झेपेल तेवढंच बघ.

मला ते खुपायचं. मी मराठी शिकवते, आणि म्हणी या माझ्या घरच्या माणसांसारख्या आहेत. त्यांना कुणी भांडकुदळ म्हटलेलं मला चालत नाही.

म्हणून मी मुलांना एक काम देत असे. म्हण घ्या आणि तिला विचारा, तू नक्की कशाबद्दल बोलतेस? अंथरुणाची म्हण खर्चाबद्दल बोलते. असेल तेवढ्यात भागवा, एवढंच तिचं म्हणणं. मोठं अंथरूण विणू नका असं ती कुठे म्हणते? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हीसुद्धा सोडण्याबद्दल बोलते. हातचं घट्ट धरून कुणी धावत असेल तर तिची काही हरकत नाही. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही आळशाची थट्टा आहे, समाधानी माणसाची नाही. आणि ‘कोल्हा काकडीला राजी’ ही त्याची थट्टा आहे, ज्याने काकडीपलीकडे कधी पाहिलंच नाही. प्रत्येक म्हणीचं आपापलं वावर आहे. माणसं एकीचे बैल दुसरीच्या वावरात सोडतात आणि मग म्हणतात, बघा, म्हणी भांडतात.

त्या वर्षीच्या वर्गाने हट्ट धरला की आपण असं वाक्य लिहायचं ज्यात दोन्ही बसेल. पुढे जायची भूकही आणि आहे त्यातलं सुखही. हट्ट मुख्यतः वैष्णवीचा. ती देवळ्याकडची, घरी कांद्याची शेती, शिकायला नाशिकला मावशीकडे राहिलेली. बुटकी, जाड वेणी, आणि प्रश्न विचारताना हात वर करायचा असतो हे तिला दहावीपर्यंत पटलेलं नव्हतं.

पहिलं वाक्य आलं, ‘स्वप्नं मोठी पाहा, पण समाधानी राहा.’ वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी फळ्यावर ते उलटं लिहिलं, ‘समाधानी राहा, पण स्वप्नं मोठी पाहा.’ आता कोणतं खरं, असं विचारलं तर अर्धे हात एकाला वर, अर्धे दुसऱ्याला. मधल्या त्या ‘पण’नंतर जे येतं तेच जिंकतं, आधीचं नुसतं शिष्टाचारापुरतं उरतं. घरात आपण हेच करतो. मुलगी हुशार आहे हो, पण. पुढचं सगळ्यांना कळतं.

मग ‘थोडी जिद्द, थोडं समाधान’ आलं. मी म्हटलं, एकही म्हण थोडं-थोडं बोलत नाही. म्हण बोलते तर पूर्ण बोलते. अर्धी भूक आणि अर्धी झोप मिळून काही पूर्ण दिवस होत नाही. आणि मोठे शब्द काढून टाका. समाधान, जिद्द, ध्येय हे शब्द म्हणीत येत नाहीत, त्यांच्या जागी भाकरी येते, विहीर येते, कोल्हा येतो. तुम्ही हाताने करता असं काहीतरी आणा.

त्या रविवारी मी मखमलाबादला माहेरी गेले होते. भावाच्या बागेत काढणी सुरू होती. वहिनीने क्रेट उचलता उचलता एक घड माझ्या हातात दिला. लांबट, सुटसुटीत मणी, एकमेकांना न चेंगरणारे. मला थेट लहानपण आठवलं, विरळणीचे दिवस. मणी ज्वारीएवढे असतानाच छोट्या कात्रीने प्रत्येक घडातले निम्मेअधिक मणी काढून टाकायचे. वेलीवर घडही मोजकेच ठेवायचे. मान वर करून दिवसभर उभं राहायचं, रात्री मान खाली यायची नाही. आई म्हणायची, लोभ केलास तर सगळेच बारके राहतील. तिथेच मला वाक्य सुचलं, ‘घड मोजके, तर मणी मोठे.’ किती घड ठेवायचे यात समाधान, मणी केवढा करायचा यात सगळी ईर्षा. मी खूश होऊन सोमवारी ते फळ्यावर लिहिलं, आणि मागच्या खेपेसारखाच वर्ग टाळ्या वाजवेल म्हणून उभी राहिले.

वैष्णवी म्हणाली, “मॅडम, मंग ते काढून टाकलेले मणी?”

वर्गात चाळीसएक मुलं होती. त्यांतली कितीतरी परीक्षेनंतर शिक्षणच सोडणार होती, कुणाला दुकानावर बसवणार होते, कुणाचं लग्न बघायला सुरुवात झाली होती. आणि मी शाळेच्या भिंतीवर लिहायला निघाले होते की काही मणी कात्रीने काढल्याशिवाय उरलेले मोठे होत नाहीत. वाक्य द्राक्षाला खरं होतं. मुलांना खरं नव्हतं, आणि खरं असू नये. मी ते पुसलं. त्या दिवशी वाक्य पारखायच्या आमच्या कसोट्यांत एकीची भर पडली. वाक्य ज्याला सगळ्यात जास्त टोचेल त्याच्या कानाने एकदा ऐकायचं.

आता शाळेतली दुसरी गोष्ट. ती याच दिवसांत चालू होती आणि तिचा संबंध माझ्याशी होता. आमचे मुख्याध्यापक त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्यांच्यानंतर माझं नाव. नियम सरळ आहे. पद ज्येष्ठाला मिळतं. ज्येष्ठाला ते नको असेल, तर त्याने आपल्या मर्जीने तसं लिहून द्यायचं, की मी हक्क सोडते. तेव्हाच खालच्याचा विचार होतो. खाली होते देवरे सर. गणिताचे, सज्जन, माझ्याहून बरेच लहान, आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या नात्यातले. सज्जन असल्यामुळे ते त्या दिवसांत माझ्याकडे पाहायचंच टाळत.

जानेवारीच्या गॅदरिंगला अध्यक्ष साहेब माझ्याशेजारी बसले होते. थोराड, पांढरे कपडे, बोलणं गोड. त्यांनी सहज विचारलं, बाई, तुम्ही समाधानी आहात ना शाळेत? मी म्हटलं, हो, अगदी. खरं तेच बोलले. मला माझा वर्ग आवडतो. नाशिक रोडचं आमचं दोन खोल्यांचं घर आवडतं, गॅलरीतला मोगरा आवडतो. सकाळच्या गाडीची शिटी ऐकत चहा पिताना मला कधी वाटलेलं नाही की आपण दुसरीकडे असायला हवं होतं. दिलीप, माझा नवरा, सरकारी कचेरीत कारकून. तो म्हणतो, तुला वाढदिवसाला काय द्यावं हा प्रश्नच पडतो, तुला काही नकोच असतं.

अध्यक्षांनी माझा हा ‘हो’ घेतला आणि त्याचं पत्र टाइप करून घेतलं.

एवढीच चूक, आणि ती त्यांना चूक वाटलीच नाही. जी बाई समाधानी आहे तिला पद नकोच असणार. जी मागते ती असमाधानी. आपल्याकडे सुखी माणसाला मागायचा हक्क नसतो आणि मागणाऱ्याला सुखी म्हणवायचा. त्यातून ती बाई असेल तर विचारायलाच नको. निरोप समारंभाच्या आठवड्यात त्यांनी मला कचेरीत बोलावलं. पत्र समोर होतं, खाली माझं नाव, वर सहीपुरती जागा. वैयक्तिक कारणास्तव आणि पूर्ण स्वेच्छेने, असे शब्द होते. माझी स्वेच्छा मला तिथे पहिल्यांदाच भेटली.

ते बोलले बराच वेळ. कटकटी फार असतात, अधिकाऱ्यांकडे खेटे घालावे लागतात, पोरांच्या बापांशी भांडावं लागतं. तुमच्यासारख्या शांत बाईला हे कशाला? अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाई.  मी म्हटलं, पत्र वाचते आणि दोन दिवसांत सांगते, आणि ते घेऊन घरी आले.

घरी दिलीपने ते दोनदा वाचलं. तो नेमस्त माणूस. आधी म्हणाला, नको त्रास. मग म्हणाला, तुला हवं आहे का? मी म्हटलं, हवं आहे. इतक्या वर्षांत मी हा शब्द इतक्या सरळ उच्चारल्याचं त्यालाही आठवेना, मलाही. त्याने विचारलं, मग इथे तू सुखी नाहीस? मी चिडलेच. गेली किती वर्षं पोरांना जे शिकवत होते ते माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याला कळत नव्हतं. मी सुखी आहे आणि मला ते पद हवं आहे. मला पगारासाठी नको, खुर्चीसाठी नको. मला त्या शाळेत मुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका उघडायची आहे, पुस्तकांचं बंद कपाट उघडायचं आहे, आणि ती किल्ली मुख्याध्यापकाच्या टेबलात असते.  दिलीपने उठून चहा केला, आणि साखर जास्त पडली, म्हणजे त्याला पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तेव्हा माझ्या अंगात ती चीड तशीच होती. मी मुलांना म्हटलं, आज शेवटची कसोटी. वाक्य कुणाच्या तोंडून कुणाच्या कानात जातं ते बघा. अंथरुणाची म्हण मालक नोकराला सांगतो. नोकराने मालकाला सांगितलेली कुणी ऐकली आहे? मागे बसलेला एक जण म्हणाला, नोकरी जाईल मॅडम. सगळे हसले. मी म्हटलं, आपलं वाक्य असं हवं की ते दोन्ही बाजूंनी म्हणता येईल. गरिबाला सांगितलं तर त्याचे हात बांधले जाऊ नयेत. श्रीमंताला सांगितलं तर त्याला थोडं बोचावं.

त्या तासात वाक्य घडलं. कुणा एकाचं नाही. एकाने भाकरी आणली. एकीने म्हटलं, भाकरी पोटभर. वैष्णवी म्हणाली, पोटभर नको, पोटापुरती, पोटभरचा लोभ व्हायला वेळ लागत नाही. मग पुढचा अर्धा अडला. खाणं मोजकं, तर काय मोठं असावं?  कुणीतरी म्हणालं, काम. मी म्हटलं, काम दिसत नाही, दिसेल असं सांगा. तेव्हा वैष्णवी उठून उभी राहिली. “आमच्याकडं कांदा लावत्यात, पन ‘लावावं’ बरं नाय वाटत. पेरावं म्हना.” आणि असं करत फळ्यावर आलं,

खावं पोटापुरतं, पेरावं शिवारभर.

नाशिक रोडचा एक मुलगा म्हणाला, मॅडम, आमच्याकडे शिवार नाय, गॅलरी हे. मी त्याला सांगितलं, शिवार कुणा एकट्याचं नसतं. सगळ्या गावाच्या जमिनीला मिळून शिवार म्हणतात. स्वतःच्या वाफ्यापुरतं पेर असं हे वाक्य म्हणतच नाही. मग आम्ही त्याला सगळ्या कसोट्या लावल्या. अर्धे उलटे केले, ‘पेरावं शिवारभर, खावं पोटापुरतं’. अर्थ हलला नाही, कुणी कुणाला खाल्लं नाही. मालकाच्या तोंडून नोकराला ऐकवलं, हात मोकळे राहिले. नोकराच्या तोंडून मालकाला ऐकवलं, मागच्या बाकावरून हसू आलं. शिक्षण सोडणाऱ्याच्या कानाने ऐकलं, त्यालाही पेरायला जागा होती. समाधान आणि ईर्षा दोघं एका ओळीत बसली, कारण एकीकडे ताट होतं आणि दुसरीकडे रान. दोघांचं भांडण कधी नव्हतंच. दोघांना एकाच ताटात जेवायला बसवणारे आपण.

निळ्या रंगात ते भिंतीवर उतरलं. रंग सुकायच्या आतच मी कचेरीत गेले.

अध्यक्ष बसले होते, देवरे सरही होते, खिडकीशी. मी पत्र टेबलावर ठेवलं, सही न केलेलं. अध्यक्षांनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा कोरडा झाला. “बाई, तुम्हीच म्हणाला होतात, समाधानी आहे म्हणून.”

“आहे ना साहेब. पण तहान भागली म्हणून कुणी विहीर बुजवत नाही.”

हे मी घरून ठरवून आणलं नव्हतं. वर्गातल्या त्या सगळ्या तासांनी ते माझ्या तोंडात आणून ठेवलं असावं.  अध्यक्ष म्हणाले, संस्थेला नाराज करून कुणाचं भलं होत नाही. मी म्हटलं, नियमाने जे माझं आहे ते मी मागते आहे, आणि दहावीचा मराठीचा तासही मी सोडणार नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागत नाहीये. देवरे सर खिडकीतून वळले आणि त्यांनी हळूच म्हटलं, काका, बाईंचाच हक्क आहे. त्या माणसाला हे बोलायला काय पडलं असेल ते मला कळतं. मी त्यांना आजही विसरलेले नाही.

पुढचं सरळ झालं नाही. संस्थेने कागद लांबवले, मान्यतेसाठी मी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, स्टाफरूममध्ये दोन बाया माझ्याशी बोलेनाशा झाल्या. बाईला फार हाव सुटली, असं माझ्या पाठीमागे म्हटलं गेलं आणि मुद्दाम मला ऐकू येईल असं म्हटलं गेलं. जून उजाडता मान्यता आली. अभ्यासिका सुरू झाली, पुस्तकांचं कपाट उघडलं. मोगऱ्याला पाणी घालून, तीच शिटी ऐकत, मी तोच चहा पिते. मला कमी समाधान वाटत नाही, एका थेंबाने सुद्धा.

आणि आता हा माघ. यंदा भिंतीची ती बाजू पाहिली आणि थांबले. त्या टोकाला पाण्याचे नळ आहेत, मुलं तोंड धुतात, शिंतोडे उडतात. वाक्याचा पहिला अर्धा धुपून गेला आहे. ‘खावं पोटापुरतं’चे नुसते निळे पापुद्रे उरले आहेत. ‘पेरावं शिवारभर’ मात्र नव्यासारखं चकाकतं. येणारे जाणारे तेवढंच वाचतात.

गेल्या आठवड्यात अध्यक्ष साहेब आले. थकले आहेत, काठी आली आहे, पण बोलणं तेच गोड. त्यांची योजना अशी की यंदा आठवीला दोन तुकड्यांत मावतील त्याहून कितीतरी जास्त मुलं घ्यायची. एका बाकावर तिघं बसवायची. आपल्या शाळेला मागणी आहे, नाव वाढेल, संस्था मोठी होईल. जाता जाता त्यांनी काठीने भिंत दाखवली आणि हसून म्हणाले, शिवारभर पेरायचं तर तुम्हीच शिकवलंत, बाई.

मला एकदम त्या वर्गाचा तास आठवला, मागच्या बाकावरचं ते हसू आठवलं. एका बाकावरच्या तिसऱ्या मुलाचं कोपर डोळ्यांसमोर आलं, लिहायला जागा नसलेलं. मी म्हटलं, साहेब, तुकड्या वाढवा, शिक्षक वाढवा, खोल्या बांधा, मी तुमच्यासोबत शिक्षणाधिकाऱ्यांकडे येते, सगळ्यात पुढे चालते. आहे त्या बाकांवर मात्र दोघंच बसतील.

त्यांनी भिंतीकडे धरलेली काठी खाली घेतली. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही आता अंथरूण पाहून पाय पसरायचे?”

“हो साहेब. या वेळी तुम्ही.”

ते गेले. रागावले असतील, मला त्याचं काही वाटलं नाही. यंदाचा वर्ग आपलं वाक्य अजून शोधतोच आहे. तोवर मी रंगाचा डबा मागवला, तोच निळा. शाळा सुटल्यावर पदर खोचला, नळ घट्ट बंद केले, आणि धुपलेला अर्धा माझ्या हाताने पुन्हा लिहून काढला. जरा ठळकच लिहिला.